कँडल दिसली, पण कुठे?

१३ मार्च २०२०, शुक्रवार. सव्वानऊला शेअर बाजार उघडला आणि काही मिनिटांतच बंद पडला. निफ्टी आदल्या दिवशी ९,५९० वर थांबला होता. शुक्रवारी तो ९,१०७ च्या आसपास उघडला आणि बघता बघता दहा टक्क्यांची घसरण पूर्ण झाली. नियमाप्रमाणे पाऊण तास व्यवहार थांबले. पुन्हा सुरू झाले तेव्हा ८,५५५ हा दिवसाचा तळ लागला आणि तिथून निफ्टी जो उसळला तो थेट १०,१५९ पर्यंत. बंद झाला ९,९५५ वर. सकाळी घाबरून विकणाऱ्यांनी दुपारी कपाळावर हात मारून घेतला.

त्या दिवसाची कँडल चार्टवर आजही उठून दिसते. लांब शेपटी, भरघोस हिरवं धड, आदल्या दिवसाच्या लाल कँडलचा बहुतेक भाग गिळलेला. पुस्तकी व्याख्येवर बोट ठेवलं तर ती ना हॅमर होती, ना पुरती बुलिश एन्गल्फिंग. पण या दोन कँडलमधून जो निरोप वाचला जातो, म्हणजे विकणाऱ्यांनी भाव खाली दाबला आणि घेणाऱ्यांनी तो परत वर आणला, तो निरोप तिच्यात ठासून भरलेला होता. त्या संध्याकाळी ‘तळ लागला’ म्हणणारे काही कमी नव्हते.

सोमवारी निफ्टी साडेसात टक्क्यांहून अधिक पडला. बुधवारी, १८ तारखेला, ८,५५५ चा तळ मोडला. आणि २४ मार्चला निफ्टीने ७,५११ पाहिला.

हा काही अपवादाचा किस्सा नाही. कँडलचा आकार आणि कँडलची जागा या दोन गोष्टींची गल्लत केली की काय होतं, याचा तो मोठ्या अक्षरांत लिहिलेला नमुना आहे. त्याच महिन्यातल्या आणखी दोन कँडल शेजारी ठेवल्या की मुद्दा नीट कळतो. पण त्याआधी या दोन आकारांची ओळख करून घेऊ.

कँडलमध्ये चारच भाव असतात: दिवसाचा पहिला, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा. पहिला आणि शेवटचा भाव यांच्यामधला जाड भाग म्हणजे धड. त्याच्या वर-खाली निघालेल्या बारीक रेघा म्हणजे शेपट्या. भाव चढून बंद झाला तर धड हिरवं, उतरून बंद झाला तर लाल. हॅमरमध्ये धड लहान आणि वरच्या टोकाला असतं, खालची शेपटी धडाच्या निदान दुप्पट लांब असते आणि वरची शेपटी जवळपास नसते. बुलिश एन्गल्फिंग ही दोन दिवसांची जोडी. पहिल्या दिवशी लाल कँडल. दुसऱ्या दिवशी भाव कालच्या बंदपेक्षा खाली किंवा तिथेच उघडतो आणि कालच्या उघडण्याच्या भावापेक्षा वर बंद होतो. म्हणजे हिरव्या धडाने लाल धड पोटात घेतलं. दोन्ही आकार घसरणीच्या शेवटी दिसले तर भाव वळण्याची शक्यता मानली जाते. ‘घसरणीच्या शेवटी’ हे व्याख्येतच आहे, पण वाचताना नेमकं तेच निसटतं. हॅमरचाच आकार मोठ्या तेजीनंतर वरच्या टोकाला आला तर त्याचं नाव हँगिंग मॅन होतं आणि अर्थ उलटा, मंदीचा. रेघ न रेघ तीच. फरक फक्त ती कुठे उमटली याचा.

आता एक छोटी गंमत करून बघा. समजा एखादा शेअर सोमवारी १०० रुपयांवर उघडला, ९५ पर्यंत गेला आणि ९६ वर बंद झाला. मंगळवारी साडेपंच्याण्णववर उघडला, ९४ पर्यंत घसरला आणि १०१ वर बंद झाला. ही झाली स्वच्छ बुलिश एन्गल्फिंग. आता हे दोन दिवस एकत्र करून दोन दिवसांची एकच कँडल काढा. उघडला १०० वर, तळ ९४, बंद १०१ वर. धड एका रुपयाचं, खालची शेपटी सहा रुपयांची. हा हॅमर!

म्हणजे पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जाणारे हे दोन आकार पुष्कळदा एकाच घटनेचे दोन फोटो असतात. कात्री कुठे चालवली एवढाच फरक. बाजार साडेतीनऐवजी दोन वाजता बंद होत असता तर कित्येक गाजलेले हॅमर साध्या लाल कँडल म्हणून नोंदले गेले असते. त्यात आपल्याकडे निफ्टीचा अधिकृत बंद भाव २०२० मध्ये शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवरून ठरत असे, तर चार्ट पुरवणारी काही ॲप्स शेवटच्या क्षणाचा भाव घेत. त्यामुळे एकाच दिवसाची कँडल दोन पडद्यांवर थोडी वेगळी दिसू शकायची. इतक्या सहज बदलणाऱ्या आकारात स्वतःची म्हणून फार मोठी शक्ती असेल, हे मानणं अवघड आहे. बेन मार्शल, मार्टिन यंग आणि लॉरेन्स रोज या अभ्यासकांनी २००६ मध्ये अमेरिकेच्या डाऊ निर्देशांकातल्या शेअरवर कँडलच्या आकारांची चाचणी घेतली, तेव्हा केवळ आकार पाहून केलेल्या खरेदी-विक्रीत त्यांना फायद्याचं काही सापडलं नव्हतं.

मग या कँडल बघायच्याच कशाला? कारण त्या आपण आधीच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतात. प्रश्न असा: अमुक भावाला पूर्वी घेणारे आले होते, ते आजही तिथे आहेत का?

ही अमुक भावाची जागा म्हणजे सपोर्ट. ती एक रेघ नसते, पट्टा असतो. आणि ती तयार होण्यामागे माणसांची आठवण असते. तिथे आधी घेतलेल्यांना फायदा झालेला असतो आणि पुन्हा संधी मिळाली तर त्यांना आणखी घ्यायचं असतं. ज्यांची संधी हुकली ते वाट बघत बसलेले असतात. ज्यांनी तिथे विकलं त्यांना चूक सुधारायची असते. तीन प्रकारच्या लोकांना एकाच भावात रस असतो, म्हणून तिथे उमटलेल्या शेपटीला वजन येतं. अशा कुणाचाच रस नसलेल्या जागी तशीच शेपटी उमटली, तर ती फक्त त्या दिवशी भाव खाली जाऊन वर आला एवढंच सांगते.

१३ मार्चच्या ८,५५५ मध्ये कुणाचा रस होता? आदल्या दिवशीच्या बंदच्या दहा टक्के खाली म्हणजे ८,६३१. तिथे व्यवहार थांबले ते नियमामुळे, घेणाऱ्यांच्या जोरामुळे नाही. त्या भावाला दोन-तीन वर्षांपूर्वी कुणी मोठी खरेदी केली होती, असं चार्टवर काही नव्हतं. आदल्या दिवशी बाजार शंभर अंक वर बंद झाला असता तर हा ‘तळ’ही साधारण तेवढाच वर सरकला असता. ती शेपटी बरीचशी सर्किटच्या नियमाने आणि सक्तीच्या विश्रांतीने घडवली होती. शिवाय जानेवारीत १२,४३० चा उच्चांक पाहून आलेल्या या बाजारात वर प्रत्येक पायरीवर अडकलेले लोक बसले होते. ‘थोडं वर आलं की निघू’ म्हणणारे. उसळीला खरेदीदार कमी आणि वाट पाहणारे विक्रेते जास्त, अशी ती स्थिती होती.

खरा सपोर्ट शोधायचा तर चार्ट बराच मागे न्यावा लागायचा. नोटबंदीनंतरच्या घबराटीत, २६ डिसेंबर २०१६ ला, निफ्टीने ७,८९४ चा तळ केला होता. तिथून तेजी सुरू झाली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तो भाव पुन्हा दिसला नव्हता. ही जागा कुणीही, कँडल उमटण्याच्या आधी, चार्टवर आखून ठेवू शकला असता. ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कँडल दिसल्यावर शोधलेला सपोर्ट नेहमी सापडतोच. डोळे बारीक केले की कुठल्याही कँडलखाली रेघ मारता येते.

आणि १९ मार्चला निफ्टी नेमका तिथे पोहोचला. तळ ७,८३३, म्हणजे जुन्या तळाच्या थोडा खाली, आणि बंद ८,२६३ वर. उघडला होता ८,०६३ च्या आसपास. खाली शेपटी, वर शेपटी, मध्ये हिरवं धड. देखणी कँडल नव्हे, पण जागा चोख. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, निफ्टी पावणेसहा टक्क्यांहून अधिक चढून ८,७४५ वर बंद झाला. जागा होती, कँडल होती, दुसऱ्या दिवसाची पुष्टीही होती. याहून अधिक काय हवं?

इथेच ‘सपोर्टवर कँडल आली की घ्या’ असं सांगणाऱ्यांची पंचाईत होते. कारण शनिवार-रविवार मध्ये आला. रविवारी २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, रेल्वेने प्रवासी गाड्या थांबवल्या, अमेरिकेत मदतीच्या पॅकेजवरचं पहिलं मतदान सिनेटमध्ये अडलं. सोमवारी बाजार पुन्हा दहा टक्क्यांवर थांबला आणि निफ्टी जवळजवळ तेरा टक्के पडून ७,६१० वर बंद झाला. २०१६ चा सपोर्ट सपशेल तुटला.

शुक्रवारच्या कँडलला रविवारची बातमी ठाऊक असणं शक्यच नव्हतं. पण तिच्या आजूबाजूला काही खुणा होत्या. भारताचा भीती-निर्देशांक, इंडिया व्हिक्स, शांत काळात बहुधा १२ ते १८ च्या घरात असतो. तो तेव्हा त्याच्या कितीतरी पट वर होता. रोज पाच-सात टक्क्यांची हालचाल होत असताना पावणेसहा टक्क्यांची हिरवी कँडल मोठी म्हणायची का? शांत बाजारात जी कँडल डोळे विस्फारायला लावेल, ती या महिन्यात रोजच्या गोंगाटाचा भाग होती. कँडलची लांबी नेहमी तिच्या आधीच्या पंधरा-वीस कँडलशी ताडून बघायची असते. त्यात परदेशी गुंतवणूकदारांची विक्री रोज चालूच होती. त्या एका महिन्यात त्यांनी भारतीय शेअर बाजारातून सुमारे ६२ हजार कोटी रुपये काढून घेतले. घेणारे आले होते हे शेपटीने खरंच सांगितलं. विकणारे संपले, असं मात्र तिने कुठेही म्हटलं नव्हतं.

आता २४ मार्च. निफ्टी ७,८४८ वर उघडला, वर ८,०३७ आणि खाली ७,५११ करून ७,८०१ वर बंद झाला. पन्नासेक अंकांचं फिकट लाल धड आणि दोन्हीकडे लांब शेपट्या. हॅमरच्या परीक्षेत ही कँडल नापास होते, कारण वरची शेपटी फारच मोठी. महिन्यातली सर्वांत अनाकर्षक कँडल म्हणावी अशी. त्या रात्री आठ वाजता देशभर एकवीस दिवसांचा लॉकडाऊन जाहीर झाला. अर्थव्यवस्थेसाठी याहून वाईट बातमी कल्पनेतही आणणं कठीण होतं.

२५ तारखेला निफ्टी ७,७३५ वर उघडला, थोडा घुटमळला आणि मग चढत गेला. बंद झाला ८,३१८ वर. कालचं धड, ७,८४८ ते ७,८०१, पुरतं गिळलेलं. महिन्यातली ही व्याख्येबरहुकूम बुलिश एन्गल्फिंग, आणि ती टिकली. ७,५११ नंतर पुन्हा दिसला नाही.

पण आकार तेवढा बाजूला ठेवून त्या दिवशी आणखी काय घडलं ते बघा. २३ आणि २४ तारखेला निफ्टी ७,८९४ च्या खाली बंद झाला होता. २५ ला तो त्या पातळीच्या चारशेहून अधिक अंक वर बंद झाला. सपोर्ट तुटला म्हणून ज्यांनी विकलं किंवा शॉर्ट केलं ते सगळे एका दिवसात तोट्यात गेले. दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, मार्च महिन्याची एक्स्पायरी होती; त्यांना आपले सौदे परत घेण्याची घाई झाली असणार. त्याआधी सोमवारीच अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने लागतील तितके रोखे घेण्याची घोषणा केली होती आणि मंगळवारी डाऊ निर्देशांक एका दिवसात अकरा टक्क्यांहून अधिक वाढला होता. म्हणजे जगभरातली सक्तीची विक्री कमी होण्याची पहिली चिन्हं दिसत होती. आणि माझ्या मते या सगळ्याहून बोलकी गोष्ट ही, की लॉकडाऊनची बातमी येऊनही बाजार नवा तळ करायला तयार नव्हता. वाईटात वाईट बातमीला भाव पडत नाही, तेव्हा विकणारे दमले आहेत असं मानायला जागा असते. ही खूण कुठल्याही एका कँडलच्या आकारात मावत नाही. काल रात्री काय घडलं हे माहीत असलेल्यालाच ती वाचता येते.

हे सगळं नंतर मागे वळून सांगणं सोपं आहे, हेही मान्य करायला हवं. २५ मार्चच्या दुपारी मोठा कल मंदीचाच होता आणि हाही सौदा फसू शकला असता. संदर्भ पाहिल्याने खात्री मिळत नाही. पारडं थोडं झुकतं. म्हणून खरा उपयोग होतो तो हिशेब करताना.

हिशेब आधी साध्या उदाहरणाने बघू. एक शेअर तीन महिन्यांत दोनदा ४०० ते ४०४ च्या पट्ट्यातून वर फिरला आहे आणि वर ४३२ ला दोनदा अडला आहे. मोठा कल वरचा. आता तो हळूहळू, लहान लहान लाल कँडल करत पट्ट्यात येतो आणि हॅमर करतो: तळ ३९८, बंद ४०७. ४०७ ला घेतला, स्टॉपलॉस ३९७ ला ठेवला. धोका दहा रुपये, वरच्या अडसरापर्यंतचा फायदा पंचवीस. शिवाय ३९७ ला भाव गेला तर आपलं गृहीतकच चुकलं, हे स्पष्ट कळतं. आता हाच हॅमर, तेवढाच, ४२५ ला बंद होतो. स्टॉपलॉस त्याच मापाने ४१५ ला. धोका तोच दहा रुपये, पण अडसर सात रुपयांवर. खाली ४१५ ला टेकू नाही. भाव तिथून सहज ४०४ पर्यंत घरंगळू शकतो. ॲपवरचा स्कॅनर मात्र दोन्ही ठिकाणी सारखाच ‘हॅमर’ असा ठिपका देतो. स्कॅनरला धड आणि शेपटी मोजता येते. वर सात रुपये आहेत की पंचवीस, हे विचारायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

भाव सपोर्टपाशी कसा आला, यालाही महत्त्व आहे. दमत दमत आलेला भाव आणि वरून मोठमोठ्या लाल कँडल करत कोसळलेला भाव यांत फरक असतो. दुसऱ्या प्रकारात पहिला हॅमर बहुधा विकणाऱ्यांची फक्त उसंत ठरतो. आणि एकाच सपोर्टवर भाव चौथ्या-पाचव्यांदा आला तर तो भक्कम झाला असं पुष्कळजण समजतात. मला उलट वाटतं. दर खेपेला तिथले काही खरेदीदार खर्ची पडतात, म्हणून उसळ्या लहान होत चालल्या असतील तर शेवटच्या हॅमरवर भरवसा कमी ठेवावा.

हाच हिशेब मार्च २०२० ला लावा. १३ तारखेला ९,९५५ ला घेऊन ८,५५५ खाली स्टॉपलॉस ठेवणाऱ्याचा धोका १,४०० अंकांचा होता. निफ्टी फ्युचरचा एक लॉट तेव्हा ७५ चा. म्हणजे एका लॉटमागे एक लाख पाच हजार रुपये. ते तीन सत्रांत गेले. २५ तारखेला ८,३१८ ला घेऊन ७,५११ खाली स्टॉपलॉस ठेवणाऱ्याचा धोका सुमारे ८०७ अंकांचा, म्हणजे एका लॉटमागे साठ हजारांच्या वर. व्याख्येत बसणारी, योग्य जागी आलेली, पुढे खरी ठरलेली ही कँडल. तरीही ज्याच्या खात्यात दोन लाख आहेत त्याच्यासाठी हा एक सौदा भांडवलाच्या तीस टक्क्यांचा जुगार होता. त्याच्यासाठी बरोबर उत्तर होतं फ्युचरला हात न लावणं. फार तर निफ्टीचा ईटीएफ झेपेल तेवढाच घेणं.

पुढेही रस्ता सरळ नव्हता. २७ मार्चला निफ्टी ९,०३९ पर्यंत गेला आणि ३ एप्रिलला परत ८,०८४ वर येऊन बंद झाला, म्हणजे २५ तारखेच्या खरेदीच्या खाली. आठवडाभरापूर्वी सातशे अंकांचा फायदा पाहिलेला माणूस आता अडीचशे अंकांच्या तोट्यात होता. कँडल खरी ठरली आहे की नाही, हे ठरवणारा ७,५११ मात्र अजून साडेपाचशे अंक खाली होता. ज्याने लॉट बेताचा घेतला होता त्याला हा आठवडा काढता आला. ७ एप्रिलला, पुढच्याच सत्रात, निफ्टी पावणेनऊ टक्के चढला.